माहेरचं पडून असलेलं नाव

कागदोपत्री मी 'टेलिफोन ऑपरेटर-कम-टायपिस्ट' होते. खरं काम एकच होतं, येईल त्याला नाही म्हणणं. पगार फोनचा आणि टायपिंगचा मिळायचा, नकाराचे पैसे कुणी दिले नाहीत. दिले असते तर आज बोईसरात माझा बंगला असता.

साठच्या दशकाच्या मधली ही वर्षं. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं आणि शेतात, वाडीत, गवताच्या वखारीत राबणारा सगळा मुलूख एकदम 'साइटवर' जायला लागला. मी पालघरची, मास्तरांची मुलगी. लग्न झालं, नवऱ्याला एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि त्याच कंपनीच्या साइट ऑफिसात मलाही घेतलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची लांब शेड. तिच्या तोंडाशी माझं टेबल, टेबलावर छोटा स्विचबोर्ड, त्याच्या शेजारी टाइपरायटर. फोन, टाइपरायटर आणि त्यांच्यामागे मी. हे त्रिकूट ओलांडल्याशिवाय कुणालाही आत जाता येत नसे. आत जाण्यात तसा कुणाला फारसा रसही नसायचा. सगळ्यांना फोन हवा असायचा.

आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन असतो, त्यामुळे तेव्हाचं सांगावं लागेल. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा. म्हणजे आधी एक्स्चेंजकडे नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल लागायला सकाळची दुपार व्हायची. अर्जंट लावला तर पैसे दुप्पट, आणि धीर तेवढाच लागायचा. आमच्याकडे बाहेरची लाइन एकच. ती कुणी अडवली की मुंबईहून सिमेंटच्या वॅगनची खबर द्यायला येणारा फोन तिकडेच तिष्ठत राहायचा, आणि इकडे साहेब माझ्या नावानं खडे फोडायचे.

पण फोन देण्यातली खरी गोम लाइन अडण्यात नव्हती. ती मला एका वेल्डरनं शिकवली. पंजाबकडचा उंचापुरा, हसतमुख माणूस. एकदा म्हणाला, "बहनजी, बस एक मिनिट. घर में बच्चा हुआ है." बच्चा झालाय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी नवीन होते, दिला लावून. त्यानं बोलता बोलता आमच्या ऑफिसचा नंबर तिकडे सांगून टाकला. पुढच्या आठवड्यापासून त्याचा मेहुणा, त्याचा दोस्त, त्याच्या गावचा दुकानदार, सगळे मला फोन करायला लागले. मी शेडमधून माणूस धाडायचा, त्यानं क्रेनखाली जाऊन हाका मारायच्या, आणि हा मचाणावरून ओरडून सांगणार, "उनको बोलो, शाम को करेगा!" फोन दिला होता एकदा आणि एक मिनिट. चाकरी पत्करली होती कायमची. उसना दिलेला फोन हातातून जात नाही, उलट देणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

टाइपरायटरचं याहून वाईट. बाहेरच्याला वाटतं, यंत्रच ते, चार अक्षरं बडवली म्हणून काय झिजणार आहे? झिजत नाही, पण प्रत्येक मशीनला स्वतःचं हस्ताक्षर असतं. माझ्या मशीनचा 'आर' ओळीच्या जरा वर उडायचा आणि 'ई'चं पोट शाईनं भरलेलं असायचं. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ फार सज्जन. मशीन कुणालाही द्यायचे. एके दिवशी एका इंजिनिअरविरुद्ध निनावी तक्रार वरच्या ऑफिसात पोचली. सही नव्हती, नाव नव्हतं, पण उडणारा 'आर' होता. सज्जन गृहस्थ शपथा घेऊन सांगत राहिले की मी त्या दिवशी डहाणूला होतो. मशीन तर डहाणूला नव्हतं! ती खुर्ची रिकामी झाली आणि मला मिळाली. त्यांच्या सज्जनपणाचे उपकार मी आजही मानते.

तर अशा ठिकाणी मी नाही म्हणायला शिकले, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. 'नाही' म्हटलं की समोरचा माणूस 'नाही' ऐकतच नाही. तो ऐकतो, 'तू चोर आहेस.' मग तो चोर नसल्याचे पुरावे देऊ लागतो आणि आपण न्यायाधीश होऊन बसतो. म्हणून मी 'कशाला हवंय?' हे विचारणंच सोडलं. कारण विचारलं की ते ऐकावं लागतं, ऐकलं की तोलावं लागतं, आणि तोलून नाही म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, तुझं कारण खोटं. त्यापेक्षा कारण ऐकण्याआधीच, हसून, पहिल्या दमात सांगायचं, "मशीन मी कुणालाच देत नाही. मजकूर सांगा, मी मारून देते." फोनचंही तेच. "रिसीव्हर हातात देत नाही. निरोप सांगा, मी पोचवते." वस्तू द्यायची नाही, काम करून द्यायचं. खरी गरज असलेला माणूस यावर खूश होतो, कारण त्याचं काम होतं. ज्याची गरज निराळी असते, तो म्हणतो, "राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास?"

यात 'कुणालाच' हा शब्द महत्त्वाचा, आणि तो फुकट मिळत नाही. तो एकदा विकत घ्यावा लागतो. मी तो मॅनेजरसाहेबांच्या मेव्हण्याला नाही म्हणून घेतला. गृहस्थ सुटीवर आले होते, हातात सिगारेटचा डबा, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाले, "टाइपरायटर जरा बंगल्यावर पाठवा, मला काही वैयक्तिक लिहायचं आहे." शेडमधली सगळी डोकी वर झाली. मी म्हटलं, "इथे बसून सांगा, मी लिहून घेते." त्यांचं वैयक्तिक काय होतं कोण जाणे, पण चेहरा असा झाला की ते एका बाईला सांगून लिहून घेण्यासारखं नसावं. साहेबांकडे तक्रार गेली. साहेब मला काही बोलले नाहीत, मेव्हण्यालाही काही बोलले नाहीत, दोघांच्या मधून वाट काढून जेवायला निघून गेले. त्या दिवसापासून माझं 'कुणालाच' साइटवर चालू लागलं. हेल्परसुद्धा रागवेनासे झाले. साहेबांच्या मेव्हण्याला जे मिळालं नाही, ते आपल्याला मिळालं नाही, यात कसला अपमान? झाला तर मानच.

एकूण, नकार देण्यात मी पारंगत झाले अशी माझी समजूत होती. ती भीमाकाकूंनी उतरवली.

भीमाकाकू आमच्या घरमालकीण. सालवडला त्यांच्या घराला लागून काढलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. प्रकल्पामुळे तेव्हा बोईसर, सालवड, कुंभवली कुठेही जागा मिळत नव्हती. गोठे सारवून लोक भाड्यानं देत होते आणि त्यांत ओव्हरसिअर राहत होते. पण खोलीचं सोडा. माझी नीलू दीड वर्षाची होती आणि मी कामावर गेले की ती काकूंकडे असायची. आठ महिन्यांची असल्यापासून. काकू एकट्या, मूलबाळ नाही, आवाज साइटच्या भोंग्यासारखा आणि हात मात्र मऊ. नीलू पहिला शब्द 'आई' बोलली नाही, 'काकू'ही बोलली नाही, 'नाय' बोलली. तो तिनं त्यांच्याकडूनच उचलला होता. काकूंनी एक दिवस पोरीला घेतलं नसतं, तर त्या दिवशी माझी नोकरी संपली असती. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि काकूंनाही.

काकूंकडे त्यांच्या बहिणीची मुलगी राहायला होती, तारा. सतरा-अठरा वर्षांची, अबोल. वडील वारलेले, आई दुसरीकडे मजुरीला. एस.एस.सी.ला बसली होती आणि इंग्रजीत गचकली होती. आणि काकूंचा भाऊ, ज्याला सगळं गाव केशवमामा म्हणे, तो साइटवर माणसं पुरवायचा. धोतर, वर कोट, आणि 'वरपर्यंत वळख हाय' हे पालुपद. त्यानं काकूंच्या डोक्यात भरवलं, की प्रकल्पाच्या ऑफिसात मुली भरायच्या आहेत, पण मॅट्रिकचं सर्टिफिकेट लागतं. फक्त दाखवायचं असतं. दोन दिवसांचं काम.

मे महिन्यातली संध्याकाळ. काकू ताडगोळ्यांची टोपली घेऊन आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"कुसुम, तुजा तो म्याट्रिकचा कागद हाय ना गो? आमच्या ताराला दोन दिस पायजे."

मी म्हटलं, "काकू, त्याच्यावर माझं नाव आहे."

"माज्या मोठ्या हंड्यावर पण माजं नाव घातलंय. गावात एक लगीन नाय का त्यो हंडा गेला नाय. नाव हाय म्हणून तर परत येतो! बिननावाचा असता तर तू भ्यायचं."

तेव्हा घरोघरी तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या काठावर नाव ठोकून घेत. लग्नाला अख्ख्या गावाची भांडी एकत्र यायची आणि नावं वाचून पुन्हा आपापल्या घरी जायची. काकूंच्या हिशेबात कागदही तसाच. हंडा परत येतो तेव्हा हंडा आपला असतो आणि नावही आपलंच असतं. कागदाच्या बाबतीत उसनं जातं ते नावच, आणि मागे काही उरत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी हुकमाचं पान टाकलं.

"आणि त्या कागदावरचं नाव तुजं हाय कुठं? त्यावर कुसुम जगन्नाथ म्हात्रे. तू आता म्हात्रे हायस का? लगीन झालं, नाव बदललं. माहेरचं नाव तुला काय कामाचं? पडूनच तर हाय. ताराचं तरी भलं होईल."

खरं सांगते, इतका बिनतोड युक्तिवाद मी पुढे कोर्टातसुद्धा ऐकला नाही. अकरा वर्षं शाळेत जाऊन, वडिलांच्या छड्या खाऊन मिळवलेलं नाव, ट्रंकेच्या तळाशी पडून असलेल्या जुन्या शालूसारखं. वापरात नाही, तर शेजारणीला दे.

मी पहिल्या दमात 'नाही' म्हणायला हवं होतं. तयारीत होतेच. पण आमचे हे तिथेच बसले होते. हे स्वभावानं लोणी. कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की यांना घाम फुटायचा. स्टोअरमधून खिळ्यांचा डबा मागायला कुणी आलं तरी हे आधी माफी मागायचे. मी बोलायच्या आत हे म्हणाले, "दिलं असतं हो काकू, त्यात काय! पण तो कागद इथं नाही. तो हिच्या माहेरी आहे, पालघरला."

काकूंचं तोंड उजळलं. "असं व्हय!" म्हणाल्या आणि टोपली तशीच ठेवून गेल्या.

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघ, कसं गोड बोलून निभावलं." नवऱ्याच्या या वाक्यावर मी आयुष्यात जेवढी चिडले तेवढी कशावरच चिडले नाही. खोट्या सबबीचं हेच असतं. आपण म्हणतो 'देता येत नाही', आणि समोरचा भला माणूस ऐकतो 'अडचण आहे, दूर करा.' आणि तो मनापासून ती दूर करायला निघतो. कोणाला मशीन बिघडलंय म्हणून सांगावं तर तो मेकॅनिक घेऊन येतो.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलनं पालघरला गेल्या. माझ्या वडिलांकडे. ताडगोळ्यांची दुसरी टोपली घेऊन.

वडिलांनी त्यांचं चांगलं स्वागत केलं आणि अभिमानानं सांगितलं, "आमची कुसुम तो कागद जिवापलीकडे जपते. लग्नातसुद्धा दागिन्यांच्या आधी ट्रंकेत तो घातला होता." मास्तर माणूस. विद्यार्थिनीचं कौतुक करायला मिळालं की भान राहायचं नाही.

संध्याकाळी मी कामावरून आले, तर काकू ओसरीवर पाठ करून बसलेल्या. नीलू आमच्या खोलीच्या दारात, ताराच्या कडेवर. एरवी नीलू काकूंच्या मांडीवरून उतरत नसे.

"काकू," मी म्हटलं.

"आमी खोटं बोलणाऱ्याच्या दारात नाय बसत," त्या भिंतीला म्हणाल्या. "नाय द्यायचं तर नाय म्हणायचं. पालघरला कशाला धाडलंस माला? म्हाताऱ्या माणसासमोर माजं हसं केलंस. चोर हाव का आमी?"

आता बघा. हे बोलले नसते तर मी 'नाही' म्हणाले असते आणि काकू फार तर दोन दिवस फुगल्या असत्या. खोट्यानं मात्र तेच साधलं जे टाळायला ते बोललं गेलं होतं. 'तुमच्यावर विश्वास नाही' हे आम्ही आता दोन स्टेशनं ओलांडून, वडिलांच्या साक्षीनं त्यांना सांगितलं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले आणि एकदम खरं बोलले. म्हटलं, "कागद माझ्या ट्रंकेत आहे. आणि तो मी देणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला दिला नसता. खोटं यांनी सांगितलं, ते तुमच्या धाकानं. त्याबद्दल मला लाज वाटते. पण कागद देणार नाही."

"का म्हणून?"

मग मी सांगितलं. तारा त्या कागदावर कामाला लागली तर दोन दिवसांत परत काय आणणार? नोकरी लागते त्या ऑफिसात अस्सल कागद बघतात, त्यावरून नाव, जन्मतारीख चढवतात, आणि मग पोलीस त्या नावाची चौकशी करायला मूळ गावी जातो. प्रकल्पाच्या नोकरीत तर जातोच. तो जाणार पालघरला, माझ्या वडिलांच्या दारात, तुमची मुलगी कुसुम कशी आहे म्हणून विचारायला. कोणती कुसुम सांगतील ते? आणि ताराला जन्मभर हजेरीला 'कुसुम' म्हटलं की 'हजर' म्हणावं लागेल. पगार कुसुमचा, फंड कुसुमचा. उद्या तिला काही झालं तर पैसे कुसुमच्या वारसाला, म्हणजे नीलूला. आणि उद्या मला प्रकल्पात नोकरी करायची झाली तर ते म्हणतील, कुसुम म्हात्रे तर केव्हाच भरती झाली, तुम्ही कोण?

काकूंनी ऐकलं सगळं. पण राग कागदाचा नव्हताच. "केशव म्हणतो, कोण नाय बघत."

मग मी माझ्या मते ब्रह्मास्त्र काढलं. म्हटलं, "काकू, दिवेलागणीला शेजारीण विरजण मागायला आली तर देता?"

"नाय देत. तिन्हीसांजेला विरजण नाय देत, मीठ नाय देत."

"तिच्यावर विश्वास नाही म्हणून?"

"त्यात इश्वासाचं काय? रीत हाय."

"मग माझी पण ही रीत समजा."

काकूंनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. "रीत सगळ्या गावाची असते," म्हणाल्या. "एकटीची असते तिला खोड म्हणतात."

ब्रह्मास्त्र असं भुईत जाऊन रुतलं. ऑफिसात जे 'कुणालाच' मी विकत घेतलं होतं, ते सालवडच्या ओसरीवर चालेना. तिथे मी टेबलामागे होते. इथे काकूंनी माझं पोर सांभाळलेलं होतं.

ती रात्र वाईट गेली. हे म्हणत होते, "देऊन टाक, काय होतंय, नाहीतर पोरीला कोण बघणार?" मी म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोललात तर तुमचंही मॅट्रिकचं देऊन टाकीन." हे कुशीवर वळले. मला झोप नव्हती. भीती होती ती सकाळची. काकू दार उघडणार नाहीत. मग सुटी, मग बिनपगारी सुटी, मग माझ्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी.

सकाळी मी नेहमीसारखी तयार झाले. नीलूला आंघोळ घातली, बांगड्या घातल्या, दुधाचा कप हातात घेतला आणि काकूंच्या दारात गेले. त्या चुलीपाशी होत्या, वळल्या नाहीत. मी काही विचारलं नाही, काही मागितलं नाही, विनवण्या केल्या नाहीत. पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "काकू, कागद देत नाही, पण पोर देते. विश्वास कशावर आहे ते तुम्हीच ठरवा. पाचला येते." आणि वळून चालायला लागले. मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडले असते.

नीलूचा आवाज मागून आला, "नाय! नाय!" आणि काकूंचा, "गप गो. आई कामाला चाललीय."

दिवसभर स्विचबोर्डवर माझे हात चुकत होते. साहेबांना मी सुताराशी जोडून दिलं.

संध्याकाळी वाटेत सालवडच्या वेशीवर तारा उभी. इतक्या महिन्यांत ही मुलगी माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, कागद देऊ नका हं. माला कुणी विचारलंच नाय."

"तुला नोकरी नको?"

"नोकरी पायजे. पन तिथं मी जगन्नाथची पोरगी व्हायची. आमचा बाप गेला ना, त्याचं माज्याकडं काय नाय राहिलं. घर नाय, शेत नाय. तारा गोविंद, येवढंच हाय. ते पन बदलून काय करू?"

मला फार वाईट वाटलं, आणि शरमही वाटली. काल मी काकूंना पोलीस सांगितला, फंड सांगितला, वारस सांगितला, सगळं माझ्या नावाचं काय होईल ते. ताराचं नाव जाईल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्या जागी उभं राहून कुणी बघितलंच नव्हतं, ना काकूंनी, ना मी, आणि केशवमामानं तर मुळीच नाही.

मी म्हटलं, "हे काकूंना सांगितलंस?"

"सांगितलं सकाळी. तुमी गेल्यावर. रडली मावशी. मग म्हणाली, आदी का नाय बोललीस, पालघरचं तिकीट वाचलं असतं."

काकूंनी त्या दिवशी माझी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. नीलूला माझ्याकडे देताना एवढंच म्हणाल्या, "विंग्रजी तुज्याकडं लय हाय म्हणतात. ते तरी देशील का उसनं?"

ते दिलं. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत तारा रोज संध्याकाळी आमच्या खोलीत बसायची. मशीन दिलं नाही, पण सुटीच्या दिवशी साहेबांना विचारून शेडमध्ये माझ्या शेजारी बसवून तिच्याकडून इंग्रजी उतारे टाइप करून घेतले. स्पेलिंग डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर पाठ होतं, असा माझा अनुभव. ऑक्टोबरला ती पुन्हा नापास झाली. खोटं कशाला सांगू, उजळमाथ्यानं सांगते, माझ्या शिकवण्याला यश आलं नाही. मार्चला मात्र सुटली, काठावर. प्रकल्पात नाही, पण पालघरला एका दवाखान्यात कामाला लागली, तारा गोविंद या नावानं. पुढे लग्न झालं, दुसऱ्या आडनावाची झाली. तिचं सर्टिफिकेट मात्र काकूंच्या पेटीत राहिलं, कारण सासरी एकत्र कुटुंब आणि एकच कपाट.

आणि मग एका दुपारी केशवमामा आला. मी सुटीवर होते, काकूंच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. बेटेगावच्या कुणाची मुलगी होती, तिला नोकरी लावायची होती. मामा कोट सावरून बसला आणि म्हणाला, "भीमे, ताराचा कागद दोन दिस दे. तिचं लगीन झालंय, नाव बदललंय. पडूनच तर हाय."

मी सुपातलं डोकं वर काढलं नाही. काकूंचेच शब्द त्यांच्या सख्ख्या भावाच्या तोंडून परत आलेले. काकू काय सांगतील? रीत म्हणतील? पोलीस सांगतील? पेटीची किल्ली हरवली म्हणतील?

काकू म्हणाल्या, "नाय. कागद नाय मिळायचा. हात धू, जेवून जा."

झालं. मी टेबलामागे बसून इतकी वर्षं जे घोटलं, ते त्यांनी चुलीपाशी उभं राहून उरकलं. मामा थोडा घुटमळला, "सख्ख्या भावावर इश्वास नाय?" एवढं म्हणाला, पण तोवर पानात बोंबलाचं कालवण आणि भाकर आली होती. सख्ख्या भावानं दोनदा कालवण मागून घेतलं. ढेकर दिला. बाहेर पावसाची सर आली, तेव्हा म्हणाला, "भीमे, छत्री तरी देशील का?"

काकूंनी आमच्या दारामागे टांगलेली माझी नवी छत्री काढली आणि मला एका शब्दानं न विचारता त्याच्या हातात दिली. ती काही परत आली नाही.